स्कॅनमधला गोल शिक्का चपटा का होतो

दहावी-बारावीचे निकाल लागले की नागपुरात सेतू केंद्रापुढे रांग लागते आणि शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याहून मोठी. शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, सगळं स्कॅन करून अर्जासोबत चढवायचं असतं. घरी स्कॅनर नसतो, मोबाइल असतो. कागद टेबलावर ठेवायचा, फोन तिरका धरून फोटो काढायचा, ॲप कागदाच्या चार कोपऱ्यांवर टिपके दाखवतं, आपण ‘ठीक’ दाबतो आणि सपाट आयत तयार होतो.

बहुतेक वेळा काम भागतं. पण कधीकधी त्या आयतात काहीतरी खटकतं. शाळेचा गोल शिक्का लंबगोल झालेला असतो, ओळखपत्रावरचा चेहरा रुंद दिसतो, अक्षरं बुटकी वाटतात. कडा मात्र चारही बाजूंनी अगदी सरळ. दुकानातला पोरगा सांगतो, “दादा, ॲप बदलून बघा.” ॲप बदलून कधी फरक पडतो, कधी नाही, आणि असं का होतं हे कोणी सांगत नाही. कारण भूमितीत आहे आणि ते समजायला शाळेतलं गणित पुरतं.

## तिरक्या फोटोत काय बिघडतं

वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांची रांग आठवा. खांब एकाच मापाचे आणि साधारण सारख्याच अंतरावर आहेत. रस्त्यावर उभं राहून पुढे पाहिलं की दूरचे खांब लहान दिसतात, हे सगळ्यांच्या लक्षात येतं. दुसरी गोष्ट सहसा सुटते. दोन खांबांमधलं अंतर खांबांच्या उंचीपेक्षाही जोरात आकसतं. जवळचे दोन खांब ऐसपैस असतात, दूरचे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात.

टेबलावरच्या कागदाचंही तसंच. आपल्या बाजूची कड फोनच्या जवळ, पलीकडची लांब. त्यामुळे फोटोत पलीकडची कड आखूड पडते आणि आयताचा चौकोन वर निमुळता, खाली रुंद असा होतो. इथपर्यंत डोळ्याला दिसतं. न दिसणारा भाग असा की कागदावरच्या ओळींमधलं अंतरही वरच्या बाजूला आकसलेलं असतं, आणि रुंदीपेक्षा जास्त आकसलेलं असतं. रुंदी अंतराच्या प्रमाणात घटते. तिरक्या पृष्ठभागावरची खोली मात्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते.

याचमुळे फोटो फिरवून, कापून किंवा ओढूनताणून कागद सरळ होत नाही. फिरवणं, कापणं, ताणणं या क्रिया सगळ्या फोटोला एकसारख्याच लागू होतात. इथे तर कागदाच्या प्रत्येक पट्ट्यावर वेगवेगळा अन्याय झालेला आहे. तो प्रत्येक ठिकाणी मोजून उलटवावा लागतो. या उलटवण्याला पर्स्पेक्टिव्ह करेक्शन म्हणतात. पुढे मी नुसतं ‘सरळ करणं’ म्हणेन.

## एक कागद, आकड्यांसकट

हवेत बोलण्यापेक्षा एक फोटो घेऊ. मोबाइलचा साधा फोटो, 3000 पिक्सेल रुंद आणि 4000 पिक्सेल उंच. पिक्सेल म्हणजे फोटोचा सगळ्यात लहान ठिपका. जागा मोजायची ती वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, आधी उजवीकडे आणि मग खाली. टेबलावर ए-फोर मापाचा दाखला आहे, 210 बाय 297 मिलिमीटर. फोन कागदाशी समांतर न धरता सुमारे 36 अंश कलता धरलाय. खालची कड कॅमेऱ्यापासून 35 सेंटिमीटर खोलीवर आहे, वरची 52 सेंटिमीटरच्या आसपास. बसल्याबसल्या फोटो काढला की हा असाच येतो.

फोटोत कागदाचे कोपरे असे पडतात: वरचे दोन (900, 1090) आणि (2100, 1090), खालचे दोन (600, 2690) आणि (2400, 2690). वरची कड 1200 पिक्सेल लांब, खालची 1800. दोन्ही कडांमधलं उभं अंतर 1600.

आता एक प्रश्न. या फोटोत कागदाचा मध्य कुठे आहे? वरची कड 1090 वर, खालची 2690 वर, म्हणून मधोमध 1890 वर, असं चटकन वाटतं. ते चूक आहे. आयताचे दोन कर्ण त्याच्या मध्यात छेदतात. फोटोत सरळ रेषा सरळच राहतात, म्हणून फोटोतले कर्णही खऱ्या मध्यातच छेदणार. पट्टी घेऊन चौकोनाचे कर्ण काढा. ते 1730 वर छेदतात, मधोमधच्या 160 पिक्सेल वर.

हा फरक कागदावर किती होतो? समजा कोणी घाईत प्रत्येक आडवी रांग फक्त रुंद करून कागद सरळ केला, म्हणजे वरच्या रांगा जास्त ताणल्या, खालच्या कमी. कडा झकास सरळ होतील. पण कागदाच्या मध्यावरचा मजकूर असायला हवा त्यापेक्षा जवळजवळ 3 सेंटिमीटर वर सरकलेला राहील. वरच्या ओळी दाटीवाटीने, खालच्या सुट्या सुट्या. रेघांच्या वहीचं पान असेल तर हे लगेच पकडता येतं: सरळ केलेल्या चित्रात वरच्या दोन रेघांमधलं अंतर आणि खालच्या दोन रेघांमधलं अंतर मोजा. ते सारखं नसेल तर फक्त कडा सरळ झाल्यात, कागद नाही.

## चार कोपरे पुरतात कसे

इथे बऱ्याच जणांना शंका येते. कागदावर हजारो अक्षरं, प्रत्येक ठिकाणी वेगळा आकुंचन-दर, आणि ॲप फक्त चार टिपके मागतं. उरलेलं ते अंदाजाने भरतं का?

अंदाज इथे लागत नाही. कागद सपाट असेल आणि भिंगाने सरळ रेषा वाकवलेल्या नसतील, तर फोटोतल्या कोणत्याही बिंदूचं सरळ केलेल्या कागदावरचं स्थान या दोन सूत्रांनी नेमकं ठरतं:

```
X = (a·x + b·y + c) / (g·x + h·y + 1)
Y = (d·x + e·y + f) / (g·x + h·y + 1)
```

x आणि y ही फोटोतली जागा, X आणि Y ही सपाट कागदावरची. a पासून h पर्यंत आठ आकडे आपल्याला ठाऊक नाहीत. एका कोपऱ्याची जागा दोन समीकरणं देते, एक आडव्यासाठी आणि एक उभ्यासाठी. चार कोपऱ्यांची आठ समीकरणं, आठ अज्ञात, हिशेब पूर्ण. मात्र त्यातले कोणतेही तीन कोपरे एका रेषेत नसावेत. या नात्याला होमोग्राफी असं भारदस्त नाव आहे. एकदा सांगितलं, आता सोडून देऊ.

सूत्रातला जीव खालच्या भागाकारात आहे. g आणि h शून्य असतील तर छेद सगळीकडे 1 राहतो आणि नुसतं फिरवणं-ताणणं उरतं. ते शून्य नसतील तर छेद जागोजागी बदलतो, आणि तो बदल म्हणजेच जवळ-लांबचा हिशेब. आपल्या दाखल्यासाठी उलट दिशेचं, कागदाकडून फोटोकडे जाणारं सूत्र फार सुटसुटीत निघतं. कागदाच्या वरच्या कडेपासून किती भाग खाली आलो त्याला v म्हणू. वर 0, मध्यावर अर्धा, खाली 1.

```
y = (1090 + 703.3·v) / (1 − v/3)
```

v अर्धा ठेवा. वर 1441.7, खाली 0.8333, भागाकार 1730. कर्णांनी सांगितलेला मध्य तोच. हेच सूत्र वापरून कागदाचे दहा सारखे आडवे पट्टे पाडले तर सगळ्यात वरचा पट्टा फोटोत 110 पिक्सेलचा भरतो आणि सगळ्यात खालचा सुमारे 229 पिक्सेलचा. कागदावर दोन्ही पट्टे 29.7 मिलिमीटरचेच. वरच्या-खालच्या कडेच्या रुंदीत दीडपट फरक होता, पट्ट्यांच्या उंचीत दुपटीहून जास्त निघाला.

प्रत्यक्ष चित्र बनवताना सॉफ्टवेअर उलटं चालतं. फोटोतला प्रत्येक ठिपका उचलून नव्या जागी टाकायला गेलं तर जिथे ताण जास्त तिथे मध्ये भोकं पडतील. म्हणून आधी रिकामा आयत घेतात आणि त्याच्या प्रत्येक ठिपक्यासाठी विचारतात, हा फोटोत कुठून आला? उत्तर बहुधा दोन पिक्सेलांच्या मधे कुठेतरी येतं. मग शेजारच्या चार पिक्सेलांचे रंग अंतराच्या प्रमाणात मिसळून तो ठिपका भरतात. ज्यांना करून पाहायचंय त्यांच्यासाठी पायथन आणि ओपनसीव्हीमध्ये सगळं काम एवढंच:

```python
import cv2, numpy as np
img = cv2.imread("dakhla.jpg")
src = np.float32([[900,1090],[2100,1090],[2400,2690],[600,2690]])
dst = np.float32([[0,0],[1800,0],[1800,2546],[0,2546]])
H = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
out = cv2.warpPerspective(img, H, (1800, 2546))
cv2.imwrite("saral.jpg", out)
```

src मधल्या कोपऱ्यांचा क्रम आणि dst मधला क्रम जुळला पाहिजे. दोन कोपऱ्यांची अदलाबदल झाली तर चित्र मधोमध पीळ पडल्यासारखं येतं, आणि ते पाहिल्यावर चूक शोधायला वेळ लागत नाही.

आता या तुकड्यातल्या 2546 या आकड्याकडे नीट पाहा. तो आला कुठून?

## चार कोपरे काय सांगत नाहीत

चपट्या शिक्क्याचं उत्तर इथे आहे. चार कोपरे कागदाच्या आतला सगळा मजकूर आपापल्या जागी बसवतात, पण कागद किती लांब आणि किती रुंद आहे हे त्यांच्यात नसतं. फोटोतले चार कोपरे तुम्ही कोणत्याही आयताला जोडू शकता. चौरसाला जोडा, समीकरणं सुटतील. लांबलचक पट्टीला जोडा, तरी सुटतील. दोन्ही चित्रांत कडा सरळ, ओळी समांतर, ओळींमधलं अंतर समान. फक्त एक चित्र दाबलेलं आणि दुसरं ताणलेलं. सॉफ्टवेअरला कसलीच तक्रार नसते.

मी 2546 लिहिला कारण कागद ए-फोर आहे हे मला माहीत होतं. रुंदी 1800 घेतली आणि ए-फोरच्या 1.414 या गुणोत्तराने गुणली. ॲपला मात्र हे कोणी सांगितलेलं नसतं.

मग ते काय करतं? शिकाऊ प्रोग्रॅमांत सर्रास आढळणारी कृती अशी: समोरासमोरच्या दोन कडांपैकी जी मोठी, ती रुंदी धरा, आणि उभ्या दोन कडांपैकी जी मोठी, ती उंची धरा. आपल्या फोटोत आडवी मोठी कड 1800. उभ्या कडा दोन्ही सारख्या, पायथागोरसने 1628. तयार होणारा आयत 1800 बाय 1628. उभा ए-फोर दाखला आडवा झाला! कागदावरचा 40 मिलिमीटर व्यासाचा गोल शिक्का या चित्रात 40 रुंद आणि साडेपंचवीस उंच दिसेल. मोठ्या कडेऐवजी सरासरी घेतली, म्हणजे 1500 बाय 1628, तरी गुणोत्तर 1.085 येतं. हवं होतं 1.414. फोटोतल्या कडेची लांबी ही खऱ्या लांबीचं माप नाही, कारण उभी कड आपल्यापासून दूर जाताना आकसलेली आहे. तिला माप समजलं की कागद बुटका होणारच.

फोन जितका कलता, तितकी ही चूक मोठी. जवळजवळ वरून काढलेल्या फोटोत ती दिसतही नाही, म्हणून लोकांना वाटतं ॲप कधी बरोबर चालतं, कधी बिघडतं. ॲप दर वेळी तेच करत असतं.

## मग खरं गुणोत्तर काढताच येत नाही का?

येतं, पण कॅमेऱ्याविषयी एक गोष्ट कळली तर. ती म्हणजे फोकल लेंथ, सोप्या भाषेत भिंग दृश्य किती जवळ ओढतं त्याचं माप. मोबाइलच्या नेहमीच्या मुख्य कॅमेऱ्यासाठी, 3000 बाय 4000 च्या फोटोत, ती साधारण 3000 पिक्सेलइतकी भरते.

आपल्या दाखल्यावर हिशेब करू. वरची कड खालच्या कडेच्या दीडपट अंतरावर आहे, हे 1800 भागिले 1200 वरून कळलं. खालच्या कडेची खोली 1 मानू, वरची 1.5. कागदाची रुंदी म्हणजे 1800 भागिले 3000, म्हणजे 0.6. आता उंची. फोटोच्या केंद्रापासून, म्हणजे 2000 या उंचीपासून, खालची कड 690 पिक्सेल खाली आणि वरची 910 पिक्सेल वर आहे. प्रत्येक आकडा आपल्या खोलीने गुणून 3000 ने भागला की 0.23 आणि 0.455 मिळतात. बेरीज 0.685. ही झाली कागदाच्या दोन कडांमधली आडव्या-उभ्या प्रतलातली उंची. खोलीतला फरक 0.5. दोन्ही काटकोनात आहेत, म्हणून पुन्हा पायथागोरस: कागदाची खरी लांबी 0.848. भागिले 0.6, उत्तर 1.413. आपला ए-फोर सापडला, कोणी न सांगता.

आता तेच चार कोपरे ठेवून फोकल लेंथ बदलून पाहा. 1500 धरली तर गुणोत्तर 1.2 येतं, 6000 धरली तर 2 च्या किंचित वर. म्हणजे हुबेहूब तोच चौकोन एका भिंगातून दाखल्याचा असू शकतो, दुसऱ्यातून लांबट पावतीचा आणि तिसऱ्यातून जरा बुटक्या कागदाचा. नुसत्या चौकोनाकडे पाहून यातला कोणता ते ठरत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या झेंगयू झांग आणि ली-वे ही या दोन संशोधकांनी 2003 मध्ये व्हाइटबोर्डच्या फोटोंसाठी ही पद्धत नीट मांडली. त्यांनी आणखी एक चलाखी दाखवली. फोटोत समोरासमोरच्या दोन्ही जोड्या निमुळत्या होत असतील, म्हणजे फोटो एका कोपऱ्याच्या बाजूने काढलेला असेल, तर फोकल लेंथसुद्धा त्या चार कोपऱ्यांवरूनच काढता येते. त्यासाठी फोटोचं केंद्र हेच भिंगाचं केंद्र आहे आणि पिक्सेल चौरस आहेत, एवढंच गृहीत धरावं लागतं. पण एखादी जोडी फोटोत समांतर राहिली तर हा रस्ता बंद होतो. आपल्या दाखल्याच्या वरच्या-खालच्या कडा समांतर आहेत. म्हणजे टेबलासमोर नीट बसून, फोन मधोमध धरून काढलेला फोटो या कामासाठी नेमका वाईट. किंचित कोपऱ्यातून काढलेला फोटो दिसायला वेडावाकडा, पण त्यात माहिती जास्त.

## “पण भिंगाची माहिती तर फोटोतच असते ना?”

असते. फोन फोटोच्या फाइलमध्ये भिंगाची माहिती लिहून ठेवतो आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढणारं स्कॅन ॲप ती थेट वापरू शकतं. गोची होते ती आपल्या सवयींमुळे. मुलगा फोटो काढतो, व्हॉट्सॲपवर वडिलांना पाठवतो, वडील दुकानदाराला पुढे ढकलतात आणि दुकानदार तो स्कॅन ॲपमध्ये उघडतो. नेहमीच्या पद्धतीने फोटो म्हणून पाठवला की त्यातली ही माहिती गळून जाते आणि फोटो लहानही होतो. फाइल म्हणून, डॉक्युमेंट या पर्यायातून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

दुसरी सवय आधीच कापण्याची. बाजूचा टेबल दिसू नये म्हणून लोक फोटो कापून मग स्कॅन ॲपला देतात. कापल्यावर फोटोचं केंद्र सरकतं, आणि वरच्या हिशेबात 690 आणि 910 हे आकडे त्या केंद्रापासूनच मोजले होते. आधी सरळ करायचं, कापायचं नंतर. तसंही चार कोपरे दिल्यावर बाजूचा टेबल आपोआप गळतोच.

सगळ्यात सोपा उपाय भूमितीचा नाहीच. ॲपमध्ये कागदाचं माप निवडायची सोय बहुधा असते. ए-फोर असेल तर ए-फोर निवडा, जुन्या कोर्टाच्या कागदासारखा लीगल असेल तर लीगल. मग अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. पण कागदाचे चारही कोपरे खरोखर कागदाचेच असले पाहिजेत. दाखल्याभोवतीच्या छापील चौकटीला ॲपने कागद समजून त्याला ए-फोर केलं, तर ताण पुन्हा येणार, कारण चौकटीचं गुणोत्तर ए-फोरचं नसतं.

असं बऱ्याचदा होतं. ॲप कोपरे शोधतं म्हणजे उजेड-अंधाराचा जिथे एकदम बदल होतो अशा कडा शोधतं आणि त्यातून मोठा चौकोन निवडतं. पांढऱ्या टाइल्सवर पांढरा कागद ठेवला की बदल नाममात्र असतो आणि आतली काळी चौकट ठसठशीत. ॲप तिच्यावर झडप घालतं. खाली गडद चादर किंवा सतरंजी अंथरली तर ही अडचण मिटते. टिपके बोटाने सरकवता येतात, पण बोटाखालीच कोपरा झाकतो, म्हणून आधी झूम करून मग सरकवा. एक टिपका वीस पिक्सेल चुकला तर त्या कोपऱ्याजवळच्या ओळी तिरप्या दिसतात आणि बाकीच्या ठीक, यावरून कोणता टिपका हललाय ते कळतं.

## सरळ केल्यावर वरची अक्षरं धूसर का?

सरळ करणं म्हणजे उपलब्ध ठिपक्यांची पुनर्वाटणी. नवीन ठिपके त्यातून जन्मत नाहीत. आपल्या फोटोत कागदाच्या खालच्या कडेजवळ उभ्या दिशेत एका मिलिमीटरला सुमारे 8 पिक्सेल मिळाले, वरच्या कडेजवळ साडेतीनच्या थोडे वर. सरळ केलेल्या चित्रात दोन्हीकडे ठिपके सारखेच दिसतात, पण वरचे अर्ध्याहून अधिक शेजाऱ्यांच्या मिश्रणातून बनवलेले.

देवनागरीला हे जास्त बाधतं. अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार खालच्या ओळीत चार पिक्सेल उंच असतो, वरच्या ओळीत दोनपेक्षा कमी. दोन पिक्सेलचा ठिपका सहज शिरोरेघेत विरघळतो, विशेषतः नंतर फाइल लहान करण्यासाठी ती दाबली की. दाखल्यावर नाव वरच्या भागात असतं, हे दुर्दैव. उपाय साधा आहे: महत्त्वाचा मजकूर फोनच्या जवळच्या बाजूला येईल असा कागद ठेवा. उलटा ठेवला तरी चालेल, नंतर फिरवता येतो आणि फिरवण्यात काहीही नुकसान होत नाही.

“मग सरळ वरूनच फोटो का काढू नये?” काढावा, जमत असेल तर. अडचण सावलीची. दिवा डोक्यावर असला की फोन आणि हात दोन्हींची सावली कागदावर पडते. अशा वेळी जरा मागे सरून, थोडं झूम करून, कमी कलत्या फोनने काढलेला फोटो चांगली तडजोड ठरतो. लांबून काढल्यामुळे वरच्या आणि खालच्या कडेच्या अंतरातला फरक एकूण अंतराच्या मानाने लहानही होतो. पण भिंग बदलणाऱ्या फोनवर अतिरुंद, 0.5 लिहिलेलं भिंग टाळा. ते सरळ कडाच वाकवतं, आणि वरची सूत्रं सरळ रेषा सरळ राहतात याच आधारावर उभी आहेत. फोन हे वाकणं बरंचसं दुरुस्त करतो, तरी कडेला उरतं. सरळ केलेल्या चित्रात कागदाची कड दोन्ही टोकांना चौकटीला चिकटलेली पण मध्ये सुटलेली दिसली, तर समजा रेषा आधीच वाकलेली होती.

वाकलेल्या कागदाचीही तीच गत. पुस्तकाच्या घडीजवळचं पान किंवा पाकिटातून काढलेला घड्यांचा दाखला सपाट नसतो, म्हणून चार कोपऱ्यांचं गणित त्याला लागू पडत नाही. कोपरे बरोबर बसतात आणि मधल्या ओळी लाटेसारख्या राहतात. त्यासाठी वेगळी, पानाचा वक्र शोधणारी सॉफ्टवेअरं असतात. दाखल्यापुरतं काच ठेवून कागद दाबणं सोपं, फक्त काचेवर दिवा चमकतोय का ते बघायचं.

## क्लासमधला व्हाइटबोर्ड

व्हाइटबोर्डला ए-फोरसारखं एकच ठरलेलं माप नसतं. 4 बाय 3, 6 बाय 4, 8 बाय 4 फूट असे आकार बाजारात नेहमीचे. ॲपमध्ये ए-फोर तसंच राहिलं तर 8 बाय 4 चा फळा अरुंद होतो आणि सरांनी काढलेलं वर्तुळ उभट. फळ्याचं माप एकदा टेपने मोजून घेतलं की वर्षभराची सोय होते. मापाचा पर्याय नसेल तर सरळ केलेलं चित्र नंतर साध्या फोटो संपादकात एकाच दिशेने ताणून गुणोत्तर दुरुस्त करता येतं. हे ताणणं चालतं, कारण आतला जवळ-लांबचा हिशेब तोवर मिटलेला असतो आणि उरलेली चूक सगळीकडे एकसारखी असते. चपट्या शिक्क्याच्या दाखल्यालाही हाच इलाज लागू: 1800 बाय 1628 चं चित्र उभं ताणून 1800 बाय 2546 केलं की शिक्का पुन्हा गोल होतो. तीक्ष्णपणा किंचित कमी होतो, आकार मात्र तंतोतंत येतो.

फळ्याच्या बाबतीत तिरका फोटो मुद्दाम काढण्यासारखा असतो. अगदी समोरून काढला की ट्यूबलाइट किंवा खिडकी चकचकीत पृष्ठभागावर नेमकी कॅमेऱ्यात परावर्तित होते. दोन बाकं बाजूला सरकून काढला तर चमक फळ्यावरून निघून जाते किंवा रिकाम्या कोपऱ्यात जाते, आणि तिरपेपणा सरळ करता येतो. चमकेखाली गेलेलं समीकरण मात्र कोणत्याही सूत्राने परत येत नाही, कारण तिथल्या पिक्सेलांत पांढऱ्याशिवाय काही नोंदलेलंच नसतं. तेव्हा बाजूला सरकण्याचा कंटाळा करू नये, पण फार टोकालाही जाऊ नये: फोटोत फळ्याची दूरची उभी कड जवळच्या कडेच्या निम्मी दिसू लागली, तर त्या बाजूचं अक्षर आडव्या दिशेत जवळच्या बाजूच्या एक चतुर्थांश पिक्सेलांत मावलेलं असतं, आणि सरांचं बारीक मार्करने लिहिलेलं तिथे वाचता येत नाही.